खराब साडीच्या तक्रारीला उत्तर

दूरगावी पाठवलेली साडी ग्राहकाच्या हाती डागाळलेली, फाटलेली किंवा कापलेली पोहोचली, तर विक्रेत्याला एक पत्र लिहावे लागते. या पत्राला दोन कामे करायची असतात. ग्राहकाला चांगली साडी मिळेल याची खात्री त्याने द्यायची असते, आणि प्रकरण पुढे वाढलेच तर विक्रेत्याच्या बाजूचा कागद म्हणूनही त्याला उभे राहायचे असते. अनेक विक्रेते यातले एकच काम करतात. कोणी घाईघाईने सगळी चूक स्वतःच्या अंगावर घेतो, तर कोणी ‘माल आमच्याकडून चांगलाच गेला होता’ असे लिहून मोकळा होतो. पहिल्या उत्तरामुळे कुरिअरकडून भरपाई मिळवणे अवघड होते. दुसऱ्यामुळे ग्राहक आयोगाकडे जातो.

येथे नमुन्यादाखल येवल्याहून नागपूरला पाठवलेल्या पैठणीचा प्रसंग घेतला आहे. साडी ₹२२,००० ची आहे. ४ जुलैला ती कुरिअरने रवाना झाली आणि ८ जुलैला पोहोचली. ९ जुलैला ग्राहक बाईंनी मोबाइलवर चार छायाचित्रे पाठवली. खोक्याचा एक कोपरा ओला होऊन दबला होता, पदराजवळच्या घड्यांवर पाण्याचे डाग पडले होते आणि पदराचा रंग अंगात थोडा उतरला होता. त्यांनी साडी बदलून मागितली.

कायदा काय सांगतो

उत्तर लिहिण्यापूर्वी स्वतःची बाजू किती भक्कम आहे हे विक्रेत्याला माहीत हवे. वस्तुविक्री अधिनियम, १९३० नुसार विक्रेत्याने माल वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की सर्वसाधारणपणे तो ग्राहकालाच दिला असे धरले जाते. ‘पार्सल गेले, आमचा संबंध संपला’ ही समजूत इथूनच आलेली आहे. पण त्याच कायद्याच्या ३९व्या कलमात पुढे एक जबाबदारीही आहे. मालाचे स्वरूप पाहून वाहतुकीची योग्य व्यवस्था विक्रेत्याने करायची असते. ती केली नाही आणि वाटेत माल खराब झाला, तर ग्राहक तो मिळाल्याचे मानायला नकार देऊ शकतो किंवा नुकसानीबद्दल विक्रेत्याला जबाबदार धरू शकतो. भर पावसाळ्यात रेशमी साडी नुसत्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, आतून प्लास्टिक न लावता पाठवली असेल, तर विक्रेत्याची बाजू लंगडी पडते.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ याच्याही पुढे जातो. सदोष माल परत न घेणे आणि बिलात दिलेल्या मुदतीत, किंवा बिलात मुदत नसल्यास ३० दिवसांत, पैसे परत न करणे ही या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. त्यामुळे ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असा शिक्का बिलावर मारला, तरी सदोष मालाच्या बाबतीत त्याचा आधार घेता येत नाही. ऑनलाइन बाजारपेठेतून विक्री झाली असेल तर २०२० चे ई-कॉमर्स नियमही लागू होतात. त्यांतही सदोष किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला नकार देता येत नाही. शिवाय ग्राहक आता स्वतःच्या राहत्या जिल्ह्यातील आयोगाकडे तक्रार करू शकतो. नागपूरच्या ग्राहकाची तक्रार नागपुरात चालेल आणि येवल्याच्या विक्रेत्याला तिथे आपली बाजू मांडावी लागेल.

याचा अर्थ एवढाच की साडी खरोखर खराब पोहोचली असेल तर बदली किंवा परतावा द्यावाच लागणार आहे. विक्रेत्याला सावध राहायचे आहे ते दुसऱ्याच गोष्टींबाबत: परत येणारी साडी आपलीच आहे ना, ती वापरलेली नाही ना, कुरिअरकडे दावा करण्याची वाट खुली आहे ना, आणि एकदा मिटलेली तक्रार पुन्हा उभी राहणार नाही ना.

आधी नुकसान ओळखणे

बरीचशी माहिती छायाचित्रांतूनच मिळते, म्हणून पत्राआधी ती नीट पाहावीत. घडी घातलेल्या साडीत बाहेरून पाणी शिरले, तर ते एका थरावर थांबत नाही. साडी उलगडल्यावर सारख्या अंतरावर तसेच डाग पुन्हा पुन्हा दिसतात, आणि आतल्या घडीकडे जावे तसे ते फिकट होत जातात. वापरताना पडलेला हळदीचा, अत्तराचा किंवा जेवणाचा डाग बहुधा एकाच जागी असतो. नागपूरच्या छायाचित्रांत डाग सारख्या अंतरावर आहेत आणि खोक्याच्या ओल्या कोपऱ्याशी जुळतात. म्हणजे पाणी घडी घातलेल्या अवस्थेत शिरले, असे मानायला चांगला आधार आहे.

पार्सल उघडताना ब्लेड आत गेले तर सरळ, स्वच्छ काप पडतो, आणि तोही सारख्या अंतरावर अनेक थरांत दिसतो. असा काप पाठवणाऱ्याकडचा असण्याची शक्यता कमी असते. काप आणि ओढून निघालेला धागा सहज वेगळे ओळखता येतात, कारण खिळ्याला किंवा बांगडीला अडकलेल्या जागी आजूबाजूचे धागे आवळले जातात. जर काळवंडलेली असेल तर तो सहसा चार दिवसांचा परिणाम नसतो. दमट जागी बराच काळ साठवण झाल्याची ती खूण असते आणि तिचे बोट विक्रेत्याच्या कपाटाकडे वळते. घडीवरच रेशीम चिरले असेल तर साडी एकाच घडीत फार दिवस पडून राहिली होती का, हे विक्रेत्याने स्वतःलाच विचारावे.

हातमागाची काही वैशिष्ट्ये मात्र दोषात मोडत नाहीत. काठाच्या रुंदीत सूतभर फरक, दोन बुट्ट्यांच्या आकारात किंचित तफावत, पदराच्या मागच्या बाजूला दिसणारी धाग्याची टोके ही हाताने विणल्याची चिन्हे आहेत. ती विकण्यापूर्वीच ग्राहकाला सांगितलेली असावीत. तक्रार आल्यावर पहिल्यांदा सांगितली, तर ती सबब वाटते.

पत्राचा नमुना

तक्रार पोहोचल्याची पोच त्याच दिवशी दोन ओळींत द्यावी आणि सविस्तर पत्र एक-दोन दिवसांत पाठवावे. मोबाइलवरच्या गप्पांत तारखा आणि शब्द निसटतात. म्हणून पत्र ई-मेलने पाठवावे, किंवा सही करून त्याची प्रत मोबाइलवर पाठवावी.

> दिनांक : १० जुलै
>
> विषय : बिल क्र. ३१८ वरील पैठणी डागाळलेल्या स्थितीत मिळाल्याबाबत
> संदर्भ : आपला ९ जुलैचा संदेश व सोबतची चार छायाचित्रे
>
> सप्रेम नमस्कार,
>
> आपला संदेश आणि छायाचित्रे मिळाली. ४ जुलैला आम्ही पाठवलेले पार्सल आपल्याला ८ जुलैला मिळाले, खोक्याचा एक कोपरा ओला होता आणि साडीच्या पदराजवळ डाग आढळले, असे आपण कळवले आहे. हौसेने घेतलेली साडी अशी हाती आली याचे आम्हाला वाईट वाटते. आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत.
>
> डाग छायाचित्रांत स्पष्ट दिसतात. ते कुठे आणि कसे पडले याची चौकशी आम्ही कुरिअर कंपनीकडे सुरू केली आहे. त्या चौकशीसाठी आपल्याला थांबावे लागणार नाही. आपण पुढील दोनपैकी एक पर्याय निवडावा.
>
> १) बदली साडी : त्याच प्रकारची आणि त्याच किमतीची पैठणी. हातमागाची साडी असल्यामुळे हुबेहूब तीच छटा मिळेल असे सांगता येत नाही. म्हणून तयार असलेल्या तीन साड्यांची चित्रफीत सोबत पाठवत आहोत. या तिन्ही आपल्यासाठी १७ जुलैपर्यंत राखून ठेवल्या आहेत.
>
> २) परतावा : साडीचे ₹२२,००० आणि पाठवणीचे ₹१५०, मिळून ₹२२,१५०. यातली कोणतीही साडी पसंत नसेल तर हा पर्याय १७ जुलैनंतरही खुला आहे.
>
> मिळालेली साडी आपण सांगाल त्या दिवशी कुरिअरचा माणूस घरून घेऊन जाईल. त्याचा खर्च आमचा आहे. तोपर्यंत साडी धुऊ नये, तिला इस्त्री किंवा फॉल-पिको करू नये. बाहेरचे खोके, आतली पिशवी आणि पत्त्याची चिठ्ठी साडीसोबत द्यावी. कुरिअर कंपनीला दाखवण्यासाठी ती लागणार आहे.
>
> साडी पोहोचल्यावर दोन कामकाजाच्या दिवसांत ती आम्ही पाठवलेलीच आहे आणि वापरलेली नाही, एवढे पाहून घेऊ. त्यानंतर बदली साडी दुसऱ्या दिवशी रवाना होईल, किंवा रक्कम पाच दिवसांत आपल्या खात्यात जमा होईल. तपासणीत काही वेगळे आढळले तर छायाचित्रांसह कळवू आणि आपले म्हणणे ऐकूनच पुढे जाऊ.
>
> तक्रार सामोपचाराने मिटावी यासाठी हा प्रस्ताव आहे. डाग कोणाच्या चुकीने पडले याबद्दल त्यात काही ठरवलेले नाही. कुरिअर कंपनीकडे भरपाई मागण्याचा आमचा हक्क आणि ग्राहक म्हणून आपले कायदेशीर हक्क, दोन्ही कायम आहेत. बदली साडी पसंतीची व चांगल्या स्थितीत मिळाली की ‘तक्रार मिटली’ असे आपण लेखी कळवावे, ही विनंती.
>
> आपली विश्वासू,
> (सही, दुकानाचे नाव, फोन)

शब्दांची निवड

या पत्रात सर्वांत जपून लिहिलेला भाग पहिला परिच्छेद आहे. त्यात तीन प्रकारची विधाने वेगवेगळी ठेवली आहेत. पार्सल कधी गेले हे विक्रेतीला स्वतःला माहीत आहे, म्हणून ते तिने सरळ सांगितले. खोके ओले होते ही ग्राहकाने दिलेली माहिती आहे, म्हणून तिथे ‘असे आपण कळवले आहे’ हे शब्द आहेत. आणि दिलगिरी झालेल्या त्रासाबद्दल आहे. ‘आमच्या निष्काळजीपणामुळे’ किंवा ‘आमच्या सदोष पॅकिंगमुळे’ असे चौकशीआधीच लिहिले, तर कुरिअर कंपनी तेच वाक्य दाखवून दावा फेटाळू शकते. ‘आपण कळवले आहे’ या शब्दांत अविश्वासाचा सूर येऊ नये यासाठी लगेच पुढे ‘डाग छायाचित्रांत स्पष्ट दिसतात’ असे लिहिले आहे. विक्रेतीने जे डोळ्यांनी पाहिले ते मान्य केले, जे पाहिले नाही त्यावर मत दिले नाही.

चौकशीत चूक स्वतःचीच निघाली, म्हणजे प्लास्टिक लावायचे राहून गेले होते असे कळले, तर ते नाकारू नये. खोटे विधान पुढे उघडे पडले की बाकीच्या खऱ्या विधानांवरचाही विश्वास जातो.

‘कोणतीही जबाबदारी मान्य न करता’ अशा ठळक ओळीने पत्र सुरू करण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. तिचा मूळ उपयोग वेगळा आहे. पुराव्यात वापरायची नाही अशा स्पष्ट अटीवर दिलेली कबुली दिवाणी प्रकरणात ग्राह्य धरली जात नाही, असे साक्ष कायद्याचे तत्त्व आहे. मोठ्या वादात तडजोडीची बोलणी मोकळेपणाने व्हावीत यासाठी ते आहे. साडीच्या तक्रारीत विक्रेत्याची गरज नेमकी उलट असते. आपण वेळेत बदली आणि परतावा दोन्ही देऊ केले होते, हे त्याला आयोगासमोर दाखवायचे असते. त्यामुळे पत्र पुराव्याबाहेर ठेवण्यात त्याचाच तोटा आहे. शेवटच्या परिच्छेदातले ‘त्यात काही ठरवलेले नाही’ हे साधे वाक्य पुरेसे काम करते आणि ग्राहकाच्या कानाला खटकतही नाही.

बदलीच्या अटी

यंत्रमागाच्या साडीत ‘तशीच दुसरी पाठवतो’ हे वचन पाळता येते. पैठणीत ते धोक्याचे आहे. रेशीम रंगवण्याच्या दोन खेपांत छटा बदलते, आणि नवी पैठणी विणायची तर तिच्या नक्षीनुसार काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत वेळ लागतो. हुबेहूब साडीचे वचन देऊन थोडी वेगळी साडी पाठवली, तर ‘वर्णनाशी न जुळणारा माल’ ही दुसरी, आणि या वेळी पूर्णपणे विक्रेत्यावर येणारी तक्रार तयार होते. म्हणून पत्रात प्रकार आणि किंमत यांची हमी आहे, छटेची नाही, आणि निवड ग्राहकाच्या हाती ठेवली आहे. साड्या राखून ठेवायला मुदत घातली आहे, कारण माल अडवून ठेवण्याला मर्यादा असते. परताव्याला ती मुदत नाही. सात दिवसांत उत्तर आले नाही म्हणून ग्राहकाचा हक्क संपला, असे म्हणता येत नाही.

अटी थोड्या आणि तपासता येतील अशा असाव्यात. साडी धुतलेली नाही, फॉल-पिको केलेली नाही, खोके जपलेले आहे, हे तिन्ही डोळ्यांनी दिसते. पार्सल उघडतानाची चित्रफीत असेल तर ती उत्तम पुरावा ठरते. पण ती नाही म्हणून सदोष माल परत घेण्याची जबाबदारी टळत नाही. छायाचित्रे, खोके आणि प्रत्यक्ष साडी यांवरूनही खरेखोटे ठरवता येते. ग्राहकाने याविषयी कुठे बोलू नये, किंवा बदलीच्या मोबदल्यात दुकानाची स्तुती लिहावी, अशी अट कधीच घालू नये. आयोगापुढे ती विक्रेत्याच्या हेतूविषयीच शंका निर्माण करते.

परत आलेली साडी आपलीच आहे हे ओळखण्याची तयारी मात्र साडी पाठवतानाच करावी लागते. हाताने विणलेल्या कोणत्याही दोन पैठण्या तंतोतंत सारख्या नसतात. पाठवण्यापूर्वी पदराचा एक कोपरा, काठाचा जोड आणि साडीला लावलेली क्रमांकाची चिठ्ठी यांची जवळून छायाचित्रे काढून बिलाच्या क्रमांकाने जपली, तर परत आलेली साडी मिनिटभरात पडताळता येते. पॅकिंगच्या प्रत्येक टप्प्याचे एकेक छायाचित्र ठेवले, तर तेच कुरिअरच्या दाव्यातही उपयोगी पडते.

कुरिअरकडे दावा

ग्राहकाला पत्र पाठवले त्याच दिवशी कुरिअर कंपनीलाही लेखी कळवावे. त्यात पार्सलचा क्रमांक, बिलाची प्रत, ओल्या खोक्याची आणि डागांची छायाचित्रे असावीत आणि पाहणीची मागणी असावी. रस्त्याने वाहतुकीच्या २००७ च्या कायद्यानुसार, वाहतूकदारावर दावा करण्यापूर्वी माल नोंदवल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. कुरिअर कंपन्यांच्या पावतीवर तक्रारीची मुदत त्याहून बरीच कमी असू शकते, आणि भरपाईची कमाल रक्कमही बहुतेक वेळा साडीच्या किमतीपेक्षा फार कमी छापलेली असते. म्हणून महागडी साडी पाठवताना तिची खरी किंमत जाहीर करून विमा घेणे हाच खात्रीचा मार्ग आहे. विमा नसेल तर नुकसानीचा मोठा वाटा विक्रेत्यालाच सोसावा लागण्याची शक्यता असते, आणि पत्रातल्या कोणत्याही शब्दाने तो कमी होत नाही.

तपासणीनंतर

साडी परत आली की ती उघडतानाची चित्रफीत विक्रेत्यानेही काढावी. डाग छायाचित्रांप्रमाणेच निघाले तर ठरलेल्या तारखेला बदली साडी पाठवावी. तिच्यासोबतच्या चलनावर जुन्या बिलाचा क्रमांक आणि ‘बदली, वेगळी किंमत नाही’ अशी नोंद असावी. परतावा दिला तर जीएसटी नोंदणी असलेल्या विक्रेत्याने क्रेडिट नोट काढावी, म्हणजे हिशेब जुळतो. ग्राहकाचे ‘साडी मिळाली, तक्रार मिटली’ हे उत्तर बिलाला जोडून ठेवावे. ग्राहकाला आयोगाकडे जाण्यासाठी तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. निदान तेवढा काळ ही सगळी कागदपत्रे जपावीत.

तपासणीत साडी वेगळीच निघाली, किंवा आधी न दिसलेले फॉलचे टाके आढळले, तर उत्तर तितक्याच शांतपणे लिहावे. पाठवण्याआधीचे आणि परत आल्यानंतरचे छायाचित्र शेजारी ठेवावे, फरक कुठे दिसतो ते सांगावे आणि ग्राहकाकडून खुलासा मागवावा. ‘फसवणूक’ हा शब्द वापरू नये. घरात दोन साड्या आल्या असतील आणि चुकून दुसरीच पार्सलमध्ये भरली गेली असेल, असेही घडते. खुलासा पटला नाही तर साडी परत पाठवण्याची तयारी दाखवावी आणि बदली नाकारण्याचे कारण लेखी द्यावे. ग्राहकाला ते मान्य नसेल तर १९१५ या क्रमांकाच्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे किंवा जिल्हा आयोगाकडे जाण्याचा मार्ग खुला आहे. तिथे विक्रेत्याच्या बाजूने बोलतील त्या तारखा, छायाचित्रे आणि १० जुलैचे पत्र.